सोमवारचं मीटर

आमच्या गिरणीत काटा नव्हता. औरादच्या बाजाराला येणारी परगावची माणसं हे ऐकून हसायची. पिठाची गिरणी, आणि वजनकाटा नाही? पण नव्हता. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया सकाळी यायच्या, ज्वारीची गाठोडी भिंतीला लावायच्या, "अप्पा, बारीक काढा बरं" असं दारातूनच ओरडायच्या आणि मिरच्या-बांगड्या घ्यायला निघून जायच्या. दिवस कलला की पीठ घेऊन एस.टी. गाठायच्या. दळणावळ ठरायची ती डब्याच्या मापानं. पीठ किती भरलं हे कुणी बघत नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणायचं. माझं माहेर उदगीरचं. तिथं मूठभर पिठासाठी गिरणीवाल्याच्या सात पिढ्या काढणाऱ्या बाया मी पाहिलेल्या, म्हणून नवी नवरी असताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "अप्पा, एक काटा घ्या की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सावरला. "काटा आला की संशय आला पोरी," ते म्हणाले. "माझ्यावर भरवसा न्हाई त्यानं दुसरीकडं जावं." त्यांच्या आवाजात गुर्मी होती. खोटं कशाला बोलू, पुढं मलाही ती गुर्मी आवडायला लागली.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचे मालक, म्हणजे अप्पांचा मुलगा, हुमनाबादला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं कारकून होते, आठवड्यानं घरी यायचे. गिरणीत अप्पा आणि मी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या घर, गोठा आणि गावातली सगळी खबर सांभाळायच्या.

त्या वर्षी वळवाच्या पावसात आमच्या गिरणीशेजारच्या खांबावर वीज पडली. कानठळ्या बसल्या, खांबावरचं कायसं फुटलं, दोन दिवस सगळी गल्ली अंधारात. लाइट ऑफिसच्या माणसांनी नवीन फ्यूज घातले, मोटर फिरली, आम्ही देवाला नारळ फोडला. नारळ जरा लवकरच फोडला म्हणायचा.

पुढच्याच महिन्यापासून बिल चढायला लागलं. आधी वाटलं, दळण जास्त झालं असेल. मग आषाढ आला, बाजार ओस पडला, दळण निम्म्यावर आलं आणि बिल तरी चढतंच. बिल कानडीत यायचं. मला कानडी वाचता यायला लागून थोडीच वर्षं झाली होती, म्हणून मी पुन्हा पुन्हा वाचायची. वाटायचं, आपलीच काही चूक होतीय. चूक होत नव्हती. आकडे तर सगळ्या भाषांत सारखेच.

आमची गिरणी सोमवारी बंद असायची. बसवण्णांना मानणारी घरं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. अप्पा म्हणायचे, माझा बैल म्हणजे मोटर, तिलाही सोमवार. तर अशाच एका सोमवारी दुपारी मी गिरणी झाडायला गेले. मेन स्विच खाली ओढलेला. पट्टा सैल. जात्यावर पोतं झाकलेलं. एवढी शांतता की पिठाच्या कोठीत उंदीर ऐकू यायचा. झाडता झाडता माझी नजर भिंतीवरच्या मीटरकडं गेली आणि केरसुणी हातातच राहिली.

मीटरच्या काचेआड एक पातळ चाक असतं, त्याच्या कडेला एक काळी खूण. ते चाक फिरत होतं. अगदी सावकाश, कुणाला सुगावा लागू नये असं. काळी खूण समोर आली, आत गेली, आणि मी बघत राहिले तशी पुन्हा समोर आली. मी मेन स्विच पुन्हा खाली दाबला. तो खालीच होता. भर दुपार होती, बाहेर रस्त्यावर माणसं होती, आणि मला त्या खोलीत एकटीला थांबवेना.

मी आत्याबाईंना बोलावलं, हीच घोडचूक. त्यांनी चाक बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "भानामती हाय ही," त्या म्हणाल्या. "आपलं चांगलं चाललेलं कुणाला तरी बघवंना गेलंय."

"अहो, चाक फिरायलंय, भानामती कसली!"

"मग बंद गिरणीत कोण दळायलंय, तूच सांग."

आमच्या भागात कपडे आपोआप पेटले, जेवणात खडे पडले की लोक आधी भानामतीचंच नाव घेतात. अप्पांनी बघितलं, पंच्यानं काच पुसली, पुन्हा बघितलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मीटरला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा, लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या. गळ्यात इष्टलिंग आणि हातात बिब्बा, अशी आमच्या आत्याबाईंची भक्ती! मीटरला दुसरीकडं कुठं दोरा अडकवायला जागा नव्हती. खालच्या झाकणाला लाइटवाल्यांच्या शिशाच्या सीलची बारीक तार होती, तिच्यातच त्यांनी दोरा ओवून पक्की गाठ मारली होती. मी हसले. तेव्हा हसू आलं, काय करणार.

दिवाळी झाली आणि नोटीस आली. तुमचा वापर वाढला आहे, सबब डिपॉझिटही वाढवून भरा, मुदतीत न भरल्यास वीज तोडली जाईल. डिपॉझिट म्हणजे वीज मंडळाकडं ठेवायची अनामत, काही महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. बिल फुगलं म्हणून सरासरी फुगली, सरासरी फुगली म्हणून अनामत. एका खोट्याच्या पोटातून दुसरं खोटं! अप्पांनी दुसऱ्या दिवशी दुभती म्हैस उदगीरच्या बाजारात नेली. ती गेली तेव्हा आत्याबाई रडल्या, आणि मी गोठ्यात रिकाम्या खुंट्याकडं बघत मंडळाला शिव्या घातल्या.

पैसे भरायला मी अप्पांबरोबर बीदरच्या ऑफिसात गेले. खिडकीवरचा कारकून पिकल्या केसांचा होता, बोलायला दखनी. मी त्याला बंद गिरणीतलं चाक सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मेन बंद करके भी घूमता? बाई, मग मीटरला बिमारी आहे," तो म्हणाला. "पण आधी बिल आणि डिपॉझिट भरून टाका, तक्रार राखून भरलं असं लिहून द्या. न्हाई भरलं तर लाइन काटतील, मग काही ऐकणार न्हाईत. नंतर मीटर तपासायचा अर्ज द्या, त्याची फी भरा. मीटर गुलबर्ग्याला लॅबमध्ये जाईल. जास्ती पळतंय निघालं तर बिल दुरुस्त होतं. पण सहा महिन्यांच्या मागं जाता येत न्हाई. उशीर करू नका." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ही डिपॉझिटची पावती जिवापाड जपा. परत मिळायचं झालं तर हीच मागतील."

आम्ही सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. ज्या दिवशी सेक्शनचे, म्हणजे आमच्या लाइट ऑफिसचे, साहेब मीटर काढायला येणार होते, त्या दिवशी सकाळीच लाइनमन निरोप घेऊन आला. साहेब तासाभरात येतील म्हणाला. अप्पांनी मीटरकडं बघितलं. सुकलेलं लिंबू, काळ्या पडलेल्या मिरच्या.

"काढा ते," ते आत्याबाईंवर खेकसले. "साहेब काय म्हणतील? अडाणी हायेत म्हणतील."

पाहुणा येणार म्हणून आत्याबाईंनी उंबऱ्यापाशी रांगोळीसुद्धा घातली होती. त्या स्टुलावर चढल्या, गाठ सुटेना, म्हणून दोरा धरून हिसका मारला. लिंबू खाली पडलं, टप्पकन. आणि त्याच्याबरोबर तार, आणि तारेला लोंबणारी शिशाची गोळी.

लाइनमननं वाकून ती गोळी उचलली आणि तळहातावर धरली.

"अप्पा, हे काय झालं!" तो पुटपुटला. "सील तुटलं की वीजचोरीची केस. साहेब नवीन हायेत, कडक हायेत. माझं ऐका, अर्ज माघारी घ्या. तेवढं चहापाण्याचं बघा, मी सील दाबून देतो. कुणाला कळणार बी न्हाई."

"आणि चाक?" मी म्हटलं. "ते फिरतच राहणार?"

"चाकाचं काय घेऊन बसलाव अक्का. जेलात जाण्यापरीस बरं."

मी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात आलं, घ्यावा माघारी. जळो तो रिफंड. आत्याबाई स्टुलावरच उभ्या होत्या, त्यांना उतरायचंही सुचत नव्हतं.

"माझ्या गिरणीत काटा न्हाई बाबा," ते लाइनमनला म्हणाले. "गाव माझ्या शब्दावर पीठ नेतंय. जे झालं ते साहेबाला सांगतो. खरं सांगायला कशाचं भ्या?"

मला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण साहेब काही आमच्याकडं पीठ न्यायला येणार नव्हता.

साहेब आला. पोरसवदा होता, इस्त्रीचा शर्ट. अप्पांनी कानडीत सगळं सांगितलं. बिब्बा, लिंबू, दोरा, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा घट्ट होत चालला होता. त्याच्या जागी मी असते तरी विश्वास ठेवला नसता. त्यानं महजर लिहायला घेतला, म्हणजे पंचनामा. पंच म्हणून समोरचा पानवाला आणि शेजारचा शिंपी यांना बोलावलं. खालच्या झाकणाचं सील तुटलेलं. मीटरच्या वरच्या झाकणाची लॅबची दोन सीलं जागेवर. मीटर कापडात गुंडाळलं, लाख लावून शिक्का मारला, अप्पांची सही घेतली. मग लाइनमनला खांबावर चढवून आमची लाइन तोडली.

"अप्पा, तुम्हाला मीटर तपासायचंच होतं ना?" जाता जाता तो म्हणाला. "तपासू या."

पानवाल्याच्या दुकानावर संध्याकाळपर्यंत एवढंच शिल्लक राहिलं: अप्पानं सील तोडलं. बिब्बा गळाला, लिंबू गळालं, सील तेवढं राहिलं. गिरणी बंद होती त्या दिवसांत दळणं बसस्टँडजवळच्या गिरणीवर जाऊ लागली. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. मी एकदा न राहवून म्हटलंच, "बोला की, आमच्याविषयीच बोलायलाव ना?" एक म्हातारी म्हणाली, "तसं न्हाई ग. पण लाइट चोरणारा पीठ कामून सोडल, असं लोक म्हणायलेत." ती वाईट बाई नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

ते मी अप्पांना सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असणार. ते सकाळी गिरणी उघडायचे, बंद मोटरीला तेल द्यायचे आणि रिकाम्या भिंतीसमोर बसायचे. मीटरच्या जागी चार खिळ्यांची भोकं आणि एक पांढरा चौकोन होता. मालक हुमनाबादहून आले, वकील करू म्हणाले. अप्पा म्हणाले, "वकील चोरानं करावा. आधी मीटर बघू."

गुलबर्ग्याला तपासणीच्या वेळी हजर राहायची चिठ्ठी आली. अप्पा आणि मी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. वाटभर ते खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होते. एकदाच बोलले. "समजा, बरोबरच निघालं तर?" मी म्हटलं, "बंद गिरणीत फिरतंय ते बरोबर कसं निघंल?" पण माझ्याही मनात तेच होतं. मीटर बरोबर निघालं तर रिफंड तर जाईलच, वर तुटलेलं सील आहेच. मग अप्पा चोर. कायमचे.

लॅब म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला मीटरच मीटर. तपासणारे इंजिनीयर म्हातारे, जाड चष्म्याचे. आमचे साहेबही आले होते. लाखेचा शिक्का आम्हाला दाखवून फोडला, वरची दोन सीलं भिंग लावून बघितली, शाबूत आहेत असं लिहिलं. मग आमचं मीटर त्यांच्या पक्क्या मीटरशेजारी लावलं आणि दोन्हींतून एकच करंट सोडला. दोन चाकं फिरायला लागली. त्यांचं आपल्या चालीनं. आमचं धावायला लागलं. अप्पांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

मग त्यांनी सगळा भार काढून घेतला. पक्क्या मीटरचं चाक थांबलं. आमचं थांबलं नाही.

"कधी जवळ वीज पडली होती?" म्हाताऱ्या इंजिनीयरनी विचारलं. अप्पांनी मान हलवली. "चाकाला आवरणारं एक लोहचुंबक असतं आत. तसल्या धक्क्यानं त्याचं बळ जातं. मग चाकाला लगाम राहत नाही."

आमचे साहेब म्हणाले, "पण सर, खालचं सील तुटलेलं होतं. छेडछाड नाकारता येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेनं मध्ये बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. बोलले. "साहेब, छेडछाड करणारा मीटर मागं ओढतो का पुढं पळवतो? आम्ही म्हैस विकून तुमचं डिपॉझिट भरलंय. स्वतःच्याच घरात दरोडा घालणारा चोर तुमी कुठं बघितलाय?"

म्हातारे इंजिनीयर मोठ्यानं हसले. पोरसवदा साहेब कानापर्यंत लाल झाला. त्यानं नंतर अहवालावर सही केली, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

चोरीची केस झाली नाही. नवीन मीटर बसलं, लाइन जोडली. पुढच्या काही आठवड्यांत दुरुस्त बिल आलं. सहा महिन्यांचं जादा धरलेलं वजा झालं, आणि त्याच्या आधीचा भाग मंडळाच्या पोटात गेला तो गेला. डिपॉझिटचं जास्तीचं परत घ्यायला वेगळा अर्ज, मूळ पावती, वर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून सही. पावती आत्याबाईंनी लिंगपूजेच्या डब्यात ठेवली होती, म्हणून सापडली. बीदरच्या त्याच कारकुनानं चेक अप्पांच्या हातात दिला आणि म्हणाला, "देखो अप्पा, सरकारकडून परत मिळवणं म्हणजे विंचवाकडून मध. जिंकलाव तुमी." अप्पा हसले. मीही हसले. गोठ्यात पुन्हा म्हैस येईल असं मी धरूनच चालले होते. वाटेत मी तिचं नावही ठरवलं.

त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला आम्ही पहाटेच गिरणी उघडली. दळणं आली. पुष्कळ आली. पण बाया गाठोडी ठेवून गेल्या नाहीत. एक जण कोठीपाशी उकिडवी बसली. दुसरी पट्ट्याजवळ. एकीनं पोरालाच उभं केलं. कुणी काही म्हणालं नाही, उलट गोडच बोलत होत्या, लाइट आली बरं झालं म्हणत होत्या. आणि प्रत्येकीचे डोळे अप्पांच्या हातांवर होते. दिवसभर. अप्पांनी एकदा पिठाचा फडका झटकला तर तिघींच्या माना वळल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, त्यांना हाताला धरून गुलबर्ग्याला न्यावंसं वाटत होतं. त्यांना काय दाखवणार? कानडी बिल?

दुसऱ्या दिवशी अप्पा मला न सांगता बीदरला गेले. संध्याकाळी एस.टी.च्या टपावरून हमालानं एक मोठी लाकडी पेटी उतरवली. मी दारात गेले. मला वाटलं, पेंडीची असेल, म्हशीसाठी. पेटीत पोलादी काटा होता, नवा कोरा, वजनांसकट. डिपॉझिटचे परत आलेले पैसे त्यात गेले.

पुढच्या बाजाराला अप्पांनी तो मीटरच्या खाली मांडला. पहिली आली ती खेड्यातली एक जुनी गिऱ्हाईक, म्हातारी, आमच्या आत्याबाईंच्या वयाची. तिनं नेहमीसारखं गाठोडं भिंतीला लावलं आणि दारातूनच ओरडली, "अप्पा, बारीक काढा बरं." आणि निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांनी तिला हाक मारली. "अक्का, माघारी या. वजन बघून जा."

"मला कामून दाखवायलाव?" ती म्हणाली. "मी कधी मोजून नेलंय का?"

"तुमच्यासाठी न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी गाठोडं पारड्यात ठेवलं, दुसरीकडं एकेक वजन टाकलं. काटा मध्ये येऊन थांबेपर्यंत त्यांनी म्हातारीला जाऊ दिलं नाही, आणि तो थांबल्यावरही पुन्हा हलतोय का ते बघत उभे राहिले.